टी-बिलांच्या दोन दरांतून पुढच्या सहा महिन्यांचा दर कसा काढायचा

टी-बिल म्हणजे सरकारने एक वर्षाच्या आतल्या मुदतीसाठी घेतलेल्या कर्जाचा कागद. समजा या आठवड्याच्या लिलावात १८२ दिवसांच्या टी-बिलाचा दर ६.५० टक्के आला आणि ३६४ दिवसांचा ६.५५ टक्के. (हे आणि पुढचे सगळे दर उदाहरणासाठी घेतले आहेत, पद्धत मात्र खऱ्या लिलावाचीच आहे.) लांब मुदतीला जास्त दर, म्हणजे मुदतीनुसार दर दाखवणारी रेषा, यील्ड कर्व, वर चढतेय, म्हणजे बाजाराला व्याजदर वाढतील असं वाटतंय, असा अर्थ बहुतेक जण लावतील. गणित केलं तर उलटं निघतं. या दोन आकड्यांत दडलेला पुढच्या सहामाहीचा दर ६.३९ टक्के आहे, आजच्या ६.५० पेक्षा कमी. हा ६.३९ कुठून आला आणि तो बाजाराचा अंदाज म्हणून कितपत घ्यायचा, ते क्रमाने पाहू.

सुरुवात टी-बिलापासूनच का

फॉरवर्ड दर म्हणजे आज ठरलेला, पण पुढे सुरू होणाऱ्या मुदतीसाठीचा दर. आपल्याला हवा आहे तो १८२ व्या दिवशी सुरू होऊन ३६४ व्या दिवशी संपणाऱ्या कर्जाचा. तो काढायला स्पॉट दर लागतात, म्हणजे आज पैसे द्यायचे आणि शेवटी एकदाच परत घ्यायचे, मध्ये काहीही मिळत नाही, अशा व्यवहाराचा दर. कूपन, म्हणजे ठरावीक काळाने व्याज, देणाऱ्या रोख्याच्या यील्डमध्ये अनेक तारखांचे पैसे मिसळलेले असतात, म्हणून ते यील्ड स्पॉट दर नसतं. टी-बिलाला कूपनच नाही. ते दर्शनी किमतीपेक्षा कमी किमतीला मिळतं आणि मुदत संपल्यावर पूर्ण शंभर रुपये देतं. त्यामुळे त्याचा दर आयता स्पॉट दर असतो, काही सोलून काढावं लागत नाही.

रिझर्व्ह बँक ९१, १८२ आणि ३६४ दिवसांच्या बिलांचा लिलाव साधारणपणे दर बुधवारी एकत्रच करते. हे आपल्या फायद्याचं आहे, कारण तिन्ही दर एकाच दिवसाचे, एकाच सेटलमेंटचे मिळतात. जुन्या बिलाचा कालचा दर आणि नव्या बिलाचा आजचा दर एकत्र करून फॉरवर्ड काढू नका. दोन दिवसांत बाजार पाच बेसिस पॉइंट, म्हणजे ०.०५ टक्के, हलला तर तेवढी हालचाल तुमच्या उत्तरात मोठी होऊन उतरते. तसंच लिलावाच्या निकालात कट-ऑफ आणि वेटेड ॲव्हरेज असे दोन दर दिलेले असतात. दोन्ही मुदतींसाठी एकाच प्रकारचा घ्या.

पायरी पहिली: दराचा वाढ-गुणक करा

टक्क्यांशी थेट खेळायचं नाही. आधी एक रुपयाचे मुदतीअखेर किती होतात ते काढायचं. टी-बिलाचा दर ३६५ दिवसांच्या वर्षावर, सरळव्याजाने सांगतात. म्हणून:

१८२ दिवस: १ + ०.०६५० × १८२ ÷ ३६५ = १.०३२४११

३६४ दिवस: १ + ०.०६५५ × ३६४ ÷ ३६५ = १.०६५३२१

शंभराला या गुणकाने भागलं की बिलाची किंमत मिळते: १८२ दिवसांचं ९६.८६०७ रुपये, ३६४ दिवसांचं ९३.८६८५ रुपये. लिलावाच्या निकालात किंमत चार दशांशांपर्यंत छापलेली असते, तिच्याशी ताडून पाहा. जुळली नाही तर दिवस मोजण्यात चूक आहे किंवा ३६५ ऐवजी ३६० घेतलंय. परदेशी पाठ्यपुस्तकातली रीत इथे लावली की हे हमखास होतं, कारण अमेरिकी टी-बिलाचा दर ३६० दिवसांवर आणि दर्शनी किमतीच्या टक्क्यांत सांगतात.

पायरी दुसरी: भागाकार

एक रुपया ३६४ दिवस ठेवला तर १.०६५३२१ होतो. तोच आधी १८२ दिवस ठेवून, आलेली पूर्ण रक्कम आणखी १८२ दिवस अज्ञात दराने ठेवली, तरी शेवट तिथेच यायला हवा. तो अज्ञात गुणक म्हणजे:

१.०६५३२१ ÷ १.०३२४११ = १.०३१८७६

किमतींवरूनही हेच निघतं: ९६.८६०७ भागिले ९३.८६८५. मला ही वाट जास्त आवडते, कारण किमतीला दर सांगण्याच्या पद्धतीशी देणंघेणं नसतं.

पायरी तिसरी: पुन्हा वार्षिक दर

०.०३१८७६ × ३६५ ÷ १८२ = ०.०६३९, म्हणजे ६.३९ टक्के.

इथे ३६५ ला भागायचं ते फॉरवर्ड मुदतीच्या दिवसांनी, छोट्या बिलाच्या दिवसांनी नव्हे. १८२ आणि ३६४ च्या जोडीत फॉरवर्ड मुदतही १८२ च असल्यामुळे ही चूक झाकली जाते. ९१ आणि ३६४ ची जोडी घ्याल तेव्हा फॉरवर्ड मुदत २७३ दिवसांची असते आणि चूक उघडी पडते. स्प्रेडशीटमध्ये A1 ला लहान मुदतीचे दिवस, A2 ला तिचा दर, B1 ला लांब मुदतीचे दिवस, B2 ला तिचा दर ठेवा:

```
=((1+B2*B1/365)/(1+A2*A1/365)-1)*365/(B1-A1)
```

दर टक्क्यांच्या फॉरमॅटमध्ये किंवा ०.०६५ असा भरा. नुसता ६.५ भरलात तर उत्तरच ओरडून सांगेल.

रुपयांत पडताळणी

एक लाख दर्शनी किमतीचं ३६४ दिवसांचं बिल आज ९३,८६८.४६ रुपयांना पडतं आणि वर्षाअखेर एक लाख देतं. आता तेवढीच रक्कम १८२ दिवसांच्या बिलात घाला. (प्रत्यक्षात बिलं दहा हजारांच्या पटीत मिळतात, त्यामुळे रक्कम इतकी नेमकी बसणार नाही, गणितापुरती बसवू.) सहा महिन्यांनी ९६,९१०.८३ रुपये हातात येतील. ते पुन्हा १८२ दिवसांच्या बिलात घालायचे.

त्या वेळी दर ६.२५ असेल तर शेवटी ९९,९३१ रुपये होतात. लांब बिलापेक्षा ६९ रुपये कमी. दर ६.३९ च्या किंचित वर असेल तर बरोबर एक लाख. आणि दर हललाच नाही, ६.५० च राहिला, तर १,००,०५२ रुपये. म्हणजे ६.५५ टक्क्यांच्या बिलापेक्षा ६.५० टक्क्यांचं बिल दोनदा घेतलेलं ५२ रुपयांनी सरस ठरतं.

रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवरून टी-बिल घेणाऱ्याला फॉरवर्ड दराचा सरळ उपयोग हाच आहे. सहा महिन्यांनी १८२ दिवसांचा दर ६.३९ च्या वर असेल असं वाटत असेल तर छोटं बिल घेऊन पुढे फिरवा. खाली जाईल असं वाटत असेल तर आजच वर्षाचं घ्या. प्रश्न ‘दर वाढेल की उतरेल’ हा नाही, ‘६.३९ च्या वर की खाली’ हा आहे. दर थोडा उतरून ६.४५ झाला तरी फिरवणारा जिंकतो.

मग ६.५५ मोठा का दिसत होता

कारण दोन दर एकाच मापाने सांगितलेले नाहीत. १८२ दिवसांच्या ६.५० मध्ये मधलं व्याज सहा महिन्यांनी हातात येऊन पुन्हा व्याज कमवू शकतं. ३६४ दिवसांच्या ६.५५ मध्ये ते सगळं आत धरलेलं आहे, वेगळं काही मिळायचं नाही. पुढच्या सहामाहीचा दर अगदी आजच्याइतकाच, ६.५० राहणार असेल, तर ३६४ दिवसांचा दर किती हवा ते काढा: १.०३२४११ चा वर्ग करा, एक वजा करा आणि ३६५ ÷ ३६४ ने गुणा. उत्तर ६.६१ टक्क्यांच्या जवळ येतं.

म्हणून टी-बिलांच्या या टोकाला सपाट रेषा ६.५० वर नसून ६.६१ वर असते. ३६४ दिवसांचा दर त्याच्या वर असेल तरच फॉरवर्ड दर आजच्या १८२ दिवसांच्या दरापेक्षा जास्त निघतो. ६.५० आणि ६.६१ यांच्यामधला कोणताही दर डोळ्यांना चढ दाखवतो आणि गणितात उतार देतो. व्याजदर ६-७ टक्क्यांचे असलेल्या देशात हा दहा-अकरा बेसिस पॉइंटचा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. दर दोन टक्के असता तर तो एका बेसिस पॉइंटवर आला असता, म्हणून परदेशी लेखांत त्याची फारशी चर्चा दिसत नाही.

‘दुप्पट करून वजा करा’ हा झटपट नियमही (२ × ६.५५ − ६.५० = ६.६०) इथे याच कारणाने फसतो. तो ६.६० सांगतो, खरं उत्तर ६.३९ आहे. दिशासुद्धा उलटी.

अपेक्षा सिद्धांत नेमका कुठे येतो

आतापर्यंत जे केलं त्यात कुणाच्या अपेक्षेचा संबंध नाही. दोन किमती दिल्या की ६.३९ निघतोच. आज लांब मुदतीला कर्ज घेऊन छोट्या मुदतीला दिलं, किंवा उलट केलं, तर हाच दर आजच बांधला जातो.

शुद्ध अपेक्षा सिद्धांत याच्यापुढे एक दावा करतो: फॉरवर्ड दर म्हणजे त्या वेळच्या स्पॉट दराबद्दल बाजाराची सरासरी अपेक्षा. तर्क असा की गुंतवणूकदारांना मुदतीची पर्वा नसेल, तर ते दोन्ही वाटांतली जास्त देणारी वाट धरतील आणि त्यांच्या खरेदी-विक्रीनेच दोन्ही वाटांचा अपेक्षित परतावा सारखा होईल. ‘पर्वा नसेल तर’ ही अट मोठी आहे. जॉन हिक्स यांनी १९३९ मध्येच म्हटलं होतं की पैसे देणाऱ्याला छोटी मुदत प्रिय असते आणि लांब मुदतीसाठी तो वरचा मोबदला मागतो. तसं असेल तर फॉरवर्ड दर = अपेक्षित दर + मोबदला. वरच्या उदाहरणात हा मोबदला दहा बेसिस पॉइंट धरला तर बाजाराची अपेक्षा ६.३९ नाही, ६.२९ ठरते.

अडचण अशी की मोबदला कुठेही छापून येत नाही आणि तो स्थिरही नसतो. अमेरिकी सरकारी रोख्यांवर यूजीन फामा आणि रॉबर्ट ब्लिस यांनी १९८७ मध्ये दाखवलं की एक वर्षाचा फॉरवर्ड दर पुढच्या वर्षीच्या दराचा अंदाज फारच वाईट देतो. फॉरवर्ड आणि स्पॉटमधला फरक त्यापेक्षा रोख्यांवरच्या जादा परताव्याबद्दल जास्त सांगतो. फरक मोठा असतो तेव्हा बाजार दरवाढ बरोबर ओळखतोय असं नसून, लांब रोखा धरणाऱ्याला जास्त मोबदला मिळतोय असं अनेकदा असतं. एका वर्षाच्या आत मोबदला लहान असतो, म्हणून टी-बिलांच्या फॉरवर्ड दराकडे अपेक्षा म्हणून पाहायला थोडी तरी जागा आहे. दहा वर्षांनंतरच्या फॉरवर्ड दराला ‘बाजाराचा अंदाज’ म्हणणं मला पटत नाही.

एका वर्षापलीकडे

इथे टी-बिलं संपतात आणि कूपनवाले सरकारी रोखे सुरू होतात. त्यांच्या यील्डवरून आधी स्पॉट दर काढावे लागतात. सोपं करण्यासाठी वार्षिक कूपन धरू. एक वर्षाचा स्पॉट ६.५० टक्के आहे आणि ६.८० टक्के कूपनचा दोन वर्षांचा रोखा बरोबर शंभराला मिळतोय. पहिल्या वर्षीच्या ६.८० रुपयांची आजची किंमत ६.८० ÷ १.०६५ = ६.३८५. उरलेल्या ९३.६१५ रुपयांत दोन वर्षांनंतरचे १०६.८० रुपये विकत घेतले गेले. १०६.८० ÷ ९३.६१५ = १.१४०८४, हा दोन वर्षांचा गुणक. वर्गमूळ घेतलं तर स्पॉट दर ६.८१ टक्के, आणि १.०६५ ने भागलं तर दुसऱ्या वर्षाचा फॉरवर्ड दर ७.१२ टक्के. तिसऱ्या वर्षासाठी आधीचे दोन गुणक वापरून हेच पुन्हा करायचं.

खऱ्या रोख्यांचं कूपन सहामाही असतं, त्यामुळे पायऱ्या सहा-सहा महिन्यांच्या होतात. हाताने करायची गरज नाही. फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया, म्हणजे एफबीआयएल, सरकारी रोख्यांचा पार यील्ड कर्व आणि झिरो कूपन कर्व दोन्ही देते. आपल्याला झिरो कूपन हवा. पार कर्व हा वरच्या ६.८० सारखा, कूपन मिसळलेला असतो. शिवाय दर सहामाही चक्रवाढीचा आहे की वार्षिक, हे स्तंभाच्या शीर्षकात पाहा. सहामाही ७ टक्के म्हणजे वार्षिक ७.१२ टक्के, दोन्ही मिसळले तर उत्तर वाया गेलं.

लांब मुदतीत खरा धोका वेगळाच आहे. नऊ वर्षांचा स्पॉट ७.०५ आणि दहा वर्षांचा ७.१० असेल, तर दहाव्या वर्षाचा फॉरवर्ड १.०७१ चा दहावा घात भागिले १.०७०५ चा नववा घात, म्हणजे ७.५५ टक्के. आता दहा वर्षांचा दर ७.१० ऐवजी ७.११ घ्या. फॉरवर्ड ७.६५ होतो. एका बेसिस पॉइंटची चूक दहा पॉइंटांची झाली, कारण दहा वर्षांचा सगळा फरक एका वर्षाच्या खांद्यावर येतो. आपल्याकडे दहा वर्षांचा बेंचमार्क रोखा भरपूर विकला-खरेदी केला जातो आणि त्याच्या शेजारचे रोखे बरेचदा शांत असतात, त्यामुळे एक-दोन पॉइंटांची खोट नेहमीची. फॉरवर्डची रेषा काढल्यावर ती करवतीसारखी वरखाली दिसली, तर समजा की तुम्ही अपेक्षा नाही, रोख्यांच्या किमतीतला गोंगाट मोजताय. लांब टोकाला एका वर्षाच्या फॉरवर्डऐवजी पाच वर्षांनंतरच्या पाच वर्षांचा काढा. तिथे दहा वर्षांच्या दरातली चूक दुप्पटच होते.

६.३९ मध्ये रेपो कपात किती

आता परत टी-बिलांकडे. मोबदला शून्य धरला तर बाजार म्हणतोय की सहा महिन्यांनी १८२ दिवसांचा दर ११ बेसिस पॉइंटांनी खाली असेल. याचा अर्थ ‘पाव टक्क्याच्या निम्मी कपात’ असा होत नाही. १८२ दिवसांचा दर हा ढोबळमानाने त्या सहा महिन्यांतल्या रोजच्या दरांची सरासरी असतो, म्हणून ११ पॉइंट हा दोन सरासऱ्यांमधला फरक आहे.

पतधोरण समितीने पाव टक्क्याची कपात नेमकी सहामाही संपताना केली तर फरक पूर्ण २५ पॉइंटांचा दिसेल. कपात आजपासून साधारण अडीच महिन्यांनी झाली तर पहिल्या सहामाहीची सरासरीही खाली येते, म्हणजे आजच्या ६.५० मध्ये ती अंशतः आधीच बसलेली आहे, आणि फरक ११ च्या आसपास उरतो. कपात साडेनऊ महिन्यांनी झाली तरी फरक साधारण तेवढाच, कारण दुसऱ्या सहामाहीचा थोडाच भाग तिच्या प्रभावाखाली येतो. आकडा एकच, पण कपात लवकर की उशिरा ही दोन वेगळी चित्रं.

ती वेगळी करायला तिसरं बिल आहेच. ९१ दिवसांचा दर ६.५० असेल, तर वरच्याच सूत्राने दुसऱ्या तिमाहीचा फॉरवर्ड ६.४० निघतो, म्हणजे उतार पहिल्या सहामाहीतच सुरू होतोय, कपात लवकर अपेक्षित आहे. ९१ दिवसांचा दर ६.४५ असेल, तर दुसऱ्या तिमाहीचा फॉरवर्डही ६.४५ च्या जवळच येतो. पहिली सहामाही सपाट आहे आणि सगळा उतार नंतरचा आहे.

यात ९१ दिवसांच्या दरावर जरा जास्तच लक्ष ठेवा. लिक्विड म्युच्युअल फंडांना ९१ दिवसांपर्यंतचेच कागद घेता येतात, त्यामुळे त्या बिलाची मागणी त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या पैशांवर हलते. आगाऊ कराचे हप्ते भरायला १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्चच्या आसपास कंपन्या या फंडांतून पैसे काढतात, तिमाहीअखेरीलाही काढतात. त्या आठवड्यांत ९१ दिवसांचा दर पाच पॉइंट वर गेला तर वरच्या दोन चित्रांमधला सगळा फरक त्यातच बुडतो. अशा वेळी तो लिलाव सोडा, पुढच्या दोन-तीन बुधवारांचे दर घ्या आणि उत्तर तिथेच येतंय का ते पाहा.